पुसलेल्या डिस्कनंतरचा मॅक

प्रस्तावना

जुना मॅक चालू केल्यावर पडद्याच्या मधोमध फोल्डर आणि त्यात लुकलुकणारे प्रश्नचिन्ह दिसले, की त्याचा अर्थ एवढाच असतो: यंत्र जागे आहे, पण ज्या डिस्कवरून सुरू व्हायचे त्या डिस्कवर त्याला काही सापडत नाही. बहुतेक वेळा ती डिस्क कुणीतरी पुसलेली असते. विकणाऱ्याने आपली माहिती दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून, किंवा घेणाऱ्याने ‘एकदा फॉरमॅट मारून टाकू’ म्हणून. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात असे मॅक हातोहात फिरत असतात. कंपनीतून बाद झालेले, कॉलेज संपल्यावर मुलांनी खोलीवरच्या मित्राला विकलेले, दिवसा कारखान्यात शिफ्ट आणि रात्री लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी स्वस्तात उचललेले. त्यांतला एखादा प्रश्नचिन्हावर अडकला, की दुकानदार ‘बोर्ड गेला’ म्हणतो आणि मालक तो कपाटात टाकतो. बोर्ड बहुधा गेलेला नसतो. काय गेले आहे आणि ते परत कसे आणायचे, एवढ्यापुरतीच ही पुस्तिका आहे.

पुस्तिकेचा विषय मुद्दाम अरुंद ठेवला आहे. इंटेलच्या प्रोसेसरचा जुना मॅक, त्याची आतली डिस्क पूर्ण पुसलेली, हाताशी दुसरा मॅक नाही, पेनड्राइव्ह तयार नाही, आणि मॅकओएस इंटरनेटवरूनच परत टाकायची आहे. ही सोय ॲपलने 2011 साली मॅक ओएस एक्स लायनबरोबर आणली. त्याआधीच्या यंत्रांना सोबत मिळालेली डीव्हीडी लागत असे. 2010 आणि 2011च्या सुरुवातीच्या काही मॉडेलांना नंतर फर्मवेअर अपडेट देऊन ही सोय मिळाली. उदाहरणासाठी सगळीकडे एकच यंत्र धरले आहे: 2012च्या मध्यात आलेला 13 इंची मॅकबुक प्रो, ज्याला डीव्हीडी ड्राइव्ह आहे, नेटवर्क केबलचे पोर्ट आहे आणि ज्याची रॅम व डिस्क घरी बदलता येते. हे मॉडेल 2016च्या ऑक्टोबरपर्यंत विक्रीत होते, म्हणून जुन्या बाजारात ते अजून भेटते. त्याच्या पाठीवर A1278 असे छापलेले असते. मात्र हाच आकडा 2008पासूनच्या 13 इंची ॲल्युमिनियम मॅकबुकांवरही असतो. तेव्हा आकड्यावर विसंबू नये. 2012च्या यंत्राचे यूएसबी पोर्ट यूएसबी 3 आहेत, आधीच्यांचे नाहीत. नक्की खात्री सीरियल नंबरवरूनच होते.

कळा दाबण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारायचा: पुसलेल्या डिस्कवरचे काही परत हवे आहे का? इंटरनेट रिकव्हरी परत आणते ती फक्त मॅकओएस. फोटो, प्रोजेक्ट, हिशेबाच्या फायली यांच्याशी तिचा काही संबंध नाही. त्या टाइम मशीनच्या बॅकअपमधून येतील, नाहीतर येणार नाहीत. डिस्क जुनी फिरती हार्ड डिस्क असेल आणि फाइलव्हॉल्ट चालू नसेल, तर पुसल्यानंतरही बराच मजकूर तिच्यावर पडून असतो आणि डेटा काढून देणारा तो काढू शकतो. पण त्यावर नवी मॅकओएस लिहिली, की दहा-वीस जीबी जागेवरचा जुना मजकूर कायमचा गेला. म्हणजे डेटा हवा असेल तर आधी डिस्क बाहेर काढून बाजूला ठेवायची आणि मॅकमध्ये दुसरी बसवायची. एसएसडी असेल तर ही आशाही फारशी धरू नये, कारण पुसलेली जागा ती स्वतःच आतून मोकळी करून टाकते.

आता मूळ मुद्दा. इंटरनेट रिकव्हरी हे बाहेरून एकच काम दिसते, पण आत ती तीन वेगळी कामे आहेत आणि प्रत्येक काम वेगळ्या भागावर अवलंबून असते. पहिले काम फर्मवेअरचे. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असलेला हा छोटा प्रोग्रॅम डिस्कशिवाय चालतो, म्हणून डिस्क कोरी असली तरी तो वायफाय किंवा केबल लावून ॲपलच्या सर्व्हरला गाठू शकतो. तो बोर्डाची ओळख सांगतो आणि त्या बोर्डाला चालेल अशी बेस सिस्टिम मागवतो. ही साधारण पाचशे ते सातशे एमबीची प्रतिमा थेट मेमरीत उतरते, ताडून पाहिली जाते आणि तिच्यावरूनच मॅक सुरू होतो. दुसरे काम या बेस सिस्टिमचे. आतली डिस्क ओळखायची आणि तिला योग्य फॉरमॅट द्यायचा. तिसरे काम इन्स्टॉलरचे. पूर्ण मॅकओएस उतरवून ती डिस्कवर बसवायची. कारखान्याच्या लाइनवर गाडी कुठल्या स्टेशनवर अडली हे कळले की दोष कुणाकडे शोधायचा तेही कळते, तसेच इथे. मॅक कुठल्या टप्प्यावर थांबला हे नीट पाहिले, तर निम्मे निदान तिथेच होते. ‘होत नाही’ एवढेच सांगणाऱ्या माणसाला कुणीही मदत करू शकत नाही. ‘पृथ्वीचा गोल पूर्ण झाला, डिस्क दिसली, पण डाउनलोड सुरू होत नाही’ असे सांगणाऱ्याला फोनवरूनही उत्तर देता येते.

पहिल्या टप्प्यात कुठल्या कळा दाबायच्या हे बारकाईने पाहावे, कारण त्यांवर कोणती मॅकओएस मिळणार हे ठरते. कमांड आणि `R` दाबल्यास मॅक आधी डिस्कवरची रिकव्हरी शोधतो आणि ती नसेल तर इंटरनेटकडे वळतो. ऑप्शन, कमांड आणि `R` दाबल्यास या यंत्राला चालणारी सर्वांत नवी मॅकओएस मिळते. शिफ्ट, ऑप्शन, कमांड आणि `R` दाबल्यास यंत्राबरोबर आलेली मूळ मॅकओएस मिळते, किंवा ती उपलब्ध नसेल तर तिच्या सर्वांत जवळची. चाइम ऐकू येताच कळा धरायच्या आणि फिरणारा पृथ्वीचा गोल दिसेपर्यंत सोडायच्या नाहीत. लॅपटॉपचा कीबोर्ड बिघडला असेल तर यूएसबीचा साधा विंडोज कीबोर्डही चालतो. त्यावर विंडोजची कळ म्हणजे कमांड आणि `Alt` म्हणजे ऑप्शन. ब्लूटूथ कीबोर्डच्या भरवशावर राहू नये.

गोंधळ होतो तो पहिल्या जोडीत. कमांड आणि `R` म्हणजे ‘शेवटची असलेली मॅकओएस परत’, असे सगळीकडे ऐकायला मिळते आणि एरवी ते खरेही आहे. पण संपूर्ण डिस्क पुसलेली असेल, तर रिकव्हरी फक्त मूळ मॅकओएसच देऊ करण्याची शक्यता असते. आपल्या उदाहरणातल्या यंत्रासाठी ती म्हणजे लायन किंवा माउंटन लायन. 2011-12 सालची सिस्टिम. तिच्यातली सफारी आजच्या बहुतेक वेबसाइट उघडू शकत नाही, कारण तिला आजची सुरक्षित जोडणीची पद्धत आणि प्रमाणपत्रे ठाऊक नाहीत. म्हणून पुसलेल्या डिस्कसाठी हात सरळ ऑप्शन, कमांड आणि `R` यांवर गेला पाहिजे. 2012च्या या मॅकबुकला त्यातून कॅटालिना, म्हणजे 10.15, मिळते आणि त्यापुढचे ॲपलने या यंत्राला दिलेले नाही. एक अट आहे. या यंत्रावर पूर्वी कधीतरी सिएरा 10.12.4 किंवा नंतरची मॅकओएस बसलेली असावी लागते, कारण कळांचा हा नवा अर्थ तेव्हाच्या फर्मवेअरबरोबर आला. ती कधी बसली नसेल, तर ऑप्शनसह दाबूनही मूळ मॅकओएसच येते. मग पायरीपायरीने वर चढावे लागते: आधी मूळ, मग ॲपलच्या सपोर्ट पानावरून उतरवता येणारी एल कॅपिटन, आणि तिच्यावरून कॅटालिना.

याच टप्प्यात नेटवर्क खोडा घालते. गोलाखाली वायफायची यादी येते. नेटवर्क निवडून पासवर्ड द्यायचा. इथे ब्राउझर नसतो, त्यामुळे ज्या वायफायला आधी पान उघडून मोबाइल नंबर आणि ओटीपी द्यावा लागतो, ते निरुपयोगी. चाकणच्या मोठ्या कारखान्यांत आणि आयटी पार्कात कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या युजरनेमने जोडणारे वायफाय असते आणि बाहेर जाणारी वाट प्रॉक्सीतून जाते. फर्मवेअरला यांतले काहीच जमत नाही. ऑफिसचे नेट कितीही वेगवान असले तरी तिथे गोल फिरतच राहतो आणि शेवटी त्रिकोणातले उद्गारचिन्ह आणि `-2003F` सारखा आकडा येतो. वीसपासून सुरू होणारे असे आकडे बहुतेक वेळा एवढेच सांगतात, की सर्व्हरपर्यंत वाट पोहोचली नाही किंवा अधेमध्ये तुटली. मोबाइलचा हॉटस्पॉट चालतो, पण नव्या फोनवर सुरक्षेचा प्रकार WPA3 असेल तर तो WPA2 करावा लागतो. आयफोनवर `Maximize Compatibility` चालू ठेवल्यास जुन्या यंत्राला हॉटस्पॉट सापडणे सोपे जाते. सर्वांत खात्रीची वाट मात्र घरच्या फायबर राउटरपासून मॅकच्या नेटवर्क पोर्टपर्यंतची साधी केबल. 2012च्या या मॉडेलला ते पोर्ट आहे, त्याचा उपयोग करावा. राउटर घरच्या जोडणीचे लॉगिन स्वतः सांभाळत असला पाहिजे, एवढीच अट.

गोल पूर्ण झाला आणि भाषा विचारणारा पडदा आला, की पहिला टप्पा संपला. `macOS Utilities` नावाची खिडकी उघडते. तिच्यात घाईने `Reinstall macOS` दाबू नये. आधी `Disk Utility` उघडावी. सुरुवातीला तिच्यात अर्धेच दिसते, म्हणून वरच्या `View` मेनूत `Show All Devices` निवडावे. आता डाव्या बाजूला वर आतली डिस्क तिच्या बनावटीच्या नावाने दिसेल आणि खाली `Disk Images` या सदरात `macOS Base System` दिसेल. ही खालची वस्तू म्हणजे आत्ताच मेमरीत उतरलेली बेस सिस्टिम. ती आपली डिस्क नव्हे. बरेच जण तीच पुसायला जातात आणि ‘पुसता येत नाही’ म्हणून हताश होतात. निवडायची ती वरची, डाव्या कडेला लागून असलेली मूळ डिस्क. तिच्या पोटातला भाग नाही. मग `Erase` दाबून नाव `Macintosh HD` द्यावे, `Scheme` मध्ये `GUID Partition Map` आणि `Format` मध्ये, कॅटालिनासाठी, `APFS`.

फॉरमॅट आणि मॅकओएस यांची जोडी जुळली पाहिजे, ही दुसऱ्या टप्प्यातली मुख्य गोष्ट. एपीएफएस हा फॉरमॅट हाय सिएरापासून आला. माउंटन लायनच्या इन्स्टॉलरला तो ओळखताच येत नाही. तेव्हा कॅटालिनाच्या रिकव्हरीत डिस्क एपीएफएस केली आणि मग मूळ मॅकओएस टाकायची ठरवली, तर इन्स्टॉलरच्या यादीत ती डिस्क निवडता येत नाही आणि माणूस डिस्कला दोष देतो. जुन्या मॅकओएससाठी `Mac OS Extended (Journaled)` निवडावे. त्याचप्रमाणे डिस्क विंडोजच्या संगणकावर फॉरमॅट करून आणली असेल, तर तिची मांडणी जीयूआयडी नसण्याची शक्यता मोठी. तशा डिस्कवर मॅकओएस बसत नाही. `Scheme` चा खाना दिसत नसेल, तर आपण मूळ डिस्क न निवडता तिच्यातला भाग निवडला आहे असे समजावे.

आणि वरची डिस्क यादीत दिसलीच नाही तर? नुसती `macOS Base System` एकटी दिसली, तर मॅकला आतली डिस्क जाणवत नाही. या मॉडेलमध्ये अशा वेळी सर्वांत आधी संशय घ्यायचा तो डिस्कचा नव्हे, डिस्कपासून बोर्डापर्यंत जाणाऱ्या चपट्या केबलचा. तळहात टेकतो त्या भागाखालून, ॲल्युमिनियमच्या कडेवरून ती जाते, घासते, दुमडते आणि कालांतराने तुटक चालू लागते. तिची खूण अशी: डिस्क कधी दिसते, कधी नाही, फॉरमॅट होतो, पण इन्स्टॉल मध्येच गोठते. तपासणी सोपी आहे. तळाचे स्क्रू काढून डिस्क बाहेर काढावी, यूएसबी केसमध्ये घालून त्याच मॅकला जोडावी आणि पुन्हा रिकव्हरीत जावे. बाहेरून डिस्क व्यवस्थित दिसली आणि पुसली गेली, तर डिस्क चांगली आहे, केबल बदलायची. बाहेरूनही दिसली नाही, किंवा `Disk Utility` मध्ये `S.M.A.R.T.` समोर `Failing` आले, तर डिस्कच बदलायची. बदलायचीच असेल तर अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी. फिरत्या हार्ड डिस्कवर कॅटालिना चालते, पण तिची गती पाहून माणसाचा धीर सुटतो.

तिसऱ्या टप्प्यात वेळ आणि तारीख या दोन गोष्टी महत्त्वाच्या. कॅटालिनाचा पूर्ण इन्स्टॉलर आठ जीबीच्या आसपास असतो. दहा एमबीपीएसच्या जोडणीवर नुसत्या डाउनलोडलाच जवळपास पावणेदोन तास लागतात. चाळीसच्या जोडणीवर अर्धा तास. पडद्यावरचा उरलेल्या वेळाचा अंदाज वरखाली होत राहतो, तो मनावर घेऊ नये. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात गुरुवार हा कारखान्यांच्या सुट्टीचा वार आणि महावितरणच्या देखभालीसाठी वीज बंद राहण्याचाही वार. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. वीज जाऊन जोडणी तुटली, तर डाउनलोड बहुधा पुन्हा पहिल्यापासून. म्हणून गुरुवारी सकाळी हे काम काढू नये, आणि चार्जर लावल्याशिवाय कोणत्याही वारी काढू नये. जुन्या बॅटरीने इन्स्टॉलच्या मधोमध दम सोडला, तर डिस्क पुन्हा पुसण्यापासून सुरुवात करावी लागते.

तारखेचा मुद्दा वरकरणी क्षुल्लक वाटतो, पण कपाटात पडून राहिलेल्या मॅकमध्ये हमखास आडवा येतो. या मॅकबुकला घड्याळासाठी वेगळा सेल नाही. घड्याळ मुख्य बॅटरीवरच चालते. बॅटरी पूर्ण मेली, की तारीख 2001 सालच्या 1 जानेवारीला जाऊन बसते. गंमत अशी की पहिल्या टप्प्याला त्याने काही फरक पडत नाही, गोल नीट पूर्ण होतो. पण इन्स्टॉलर जेव्हा सुरक्षित जोडणी मागतो, तेव्हा सर्व्हरचे प्रमाणपत्र त्याला ‘अजून सुरूच न झालेले’ दिसते आणि तो नाकारतो. पडद्यावर येते: `The recovery server could not be contacted`. माणूस राउटर बंद-चालू करत बसतो, नेट तर चालूच असते. अशा वेळी वरच्या `Utilities` मेनूतून `Terminal` उघडून तारीख विचारावी:

```
date
```

साल चुकीचे निघाले, तर योग्य तारीख द्यावी. क्रम असा: महिना, दिवस, तास, मिनिटे, साल. म्हणजे 15 एप्रिल 2025, सकाळी साडेदहा, हे असे लिहायचे:

```
date 041510302025
```

अर्थात तुम्ही काम कराल त्या दिवसाची तारीख लिहायची. रिकव्हरीत वेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची दिसते, त्या काही तासांच्या फरकाने बिघडत नाही. इथे एक इशारा द्यायला हवा. ‘तारीख मागे ने, मग इन्स्टॉल होते’ असा सल्ला हमखास मिळतो. तो वेगळ्या दुखण्याचा आहे. 2019च्या ऑक्टोबरमध्ये ॲपलचे एक प्रमाणपत्र संपले. त्याआधी उतरवून पेनड्राइव्हवर जपून ठेवलेले इन्स्टॉलर त्यानंतर ‘डॅमेज्ड’ असल्याचे सांगू लागले आणि त्यांच्यासाठी तारीख मागे नेण्याची युक्ती लागू पडते. इंटरनेटवरून ताजा इन्स्टॉलर उतरवताना तारीख मागे नेली, तर आपण जोडणीच बिघडवून ठेवतो.

हे तिन्ही टप्पे एकाच यंत्रावर कसे दिसतात ते पाहू. चाकणमध्ये खोली घेऊन राहणाऱ्या, सुट्टीच्या दिवशी लग्नाचे व्हिडिओ जोडून देणाऱ्या एका तरुणाने 2012चा हा मॅकबुक घेतला आहे असे धरू. विकणाऱ्याने `Disk Utility` मध्ये नुसता `Macintosh HD` न पुसता संपूर्ण डिस्क पुसली, म्हणून डिस्कवरची रिकव्हरीही गेली. तरुणाने कमांड आणि `R` दाबले. फोनच्या हॉटस्पॉटवर गोल पूर्ण झाला आणि खिडकी आली, पण तिच्यावर नाव होते `OS X Utilities`. हीच पहिली खूण: नवी मॅकओएस असती तर तिथे `macOS` लिहिलेले असते, कारण ते नाव सिएरापासून, म्हणजे 2016पासून आले. त्याने तरी पुढे जाऊन इन्स्टॉल दाबले. माउंटन लायनने ॲपल आयडी मागितला. त्याच्या आयडीवर ती सिस्टिम कधी घेतलेलीच नव्हती, म्हणून उत्तर आले: `This item is temporarily unavailable`. हे ‘टेम्पररी’ कितीही दिवस थांबले तरी संपत नाही. अशा जागी आयडीला दोन टप्प्यांची सुरक्षा असेल तर आणखी एक अडचण येते, कारण जुन्या खिडकीत कोडसाठी वेगळी जागाच नसते. मग पासवर्डला लागूनच सहा आकडी कोड लिहायचा असतो. पण आपल्या माणसाला या वाटेने जाण्याची गरज नाही. त्याने मॅक बंद करून काही दिवस तसाच ठेवला, तेवढ्यात बॅटरी पूर्ण मेली. मग चार्जर आणि राउटरची केबल लावून ऑप्शन, कमांड आणि `R` धरले. गोल पूर्ण झाला, `macOS Utilities` आली, म्हणजे फर्मवेअर ठीक आणि कॅटालिना मिळणार. `Show All Devices` केल्यावर डिस्क दिसली, म्हणजे केबल ठीक. `APFS` आणि `GUID Partition Map` देऊन पुसली. इन्स्टॉल दाबल्यावर सर्व्हर सापडत नसल्याचा निरोप आला. नेट तर आत्ताच चालले होते, मग उरली तारीख. `Terminal` मध्ये पाहिले तर 2001. तारीख दिली, परत इन्स्टॉल दाबले आणि डाउनलोड सुरू झाले. मग मॅक काही वेळा आपोआप बंद-चालू होतो, काळ्या पडद्यावर सफरचंद आणि पट्टी दिसते. त्यात ढवळाढवळ करायची नाही. शेवटी देश विचारणारा पडदा आला, की काम झाले.

या पद्धतीच्या मर्यादाही माहीत असाव्यात. कळा धरल्यावर गोलाऐवजी कुलूप आणि पासवर्डचा खाना आला, तर फर्मवेअरला पासवर्ड लावलेला आहे आणि तो आधीच्या मालकाकडूनच घ्यावा लागेल. खरेदीची पावती असल्यास ॲपल मदत करू शकते, पण विक्री बंद होऊन सात वर्षे झालेल्या यंत्रांना ॲपलची दुरुस्तीसेवा सहसा मिळत नाही, हे धरून चालावे. 2018च्या आसपासच्या टी2 चिपच्या इंटेल मॅकमध्ये पुसल्यावर ॲक्टिव्हेशन लॉक आडवा येऊ शकतो. तो आधीच्या मालकाने आपल्या आयडीतून मॅक काढून टाकल्यावरच सुटतो. 2020च्या शेवटापासून आलेल्या ॲपल सिलिकॉनच्या मॅकना तर या कळाच लागू नाहीत. तिथे पॉवरचे बटण दाबून धरायचे, आणि रिकव्हरी पूर्ण उडाली असेल तर दुसरा मॅक जोडून तिला उभे करावे लागते. नेट फारच कमकुवत असेल तर मित्राच्या मॅकवर 16 जीबीचा पेनड्राइव्ह तयार करून घेणे, हाही सरळ मार्ग आहे.

शेवटची मर्यादा कॅटालिनाची. तिला ॲपलने सुरक्षेचे अपडेट 2022च्या जुलैनंतर दिलेले नाहीत. व्हिडिओ जोडणे, लिहिणे, गाणी ऐकणे, मुलाला कोडिंग शिकवणे यांसाठी यंत्र उत्तम आहे. पूर्वी त्याच आयडीवर घेतलेल्या ॲपची जुनी, चालणारी आवृत्ती ॲप स्टोअर बहुधा देऊ करते. पण बँकेचे व्यवहार आणि कंपनीचे काम अशा मॅकवर करू नये, असे या पुस्तिकेचे स्पष्ट मत आहे.

पुढची प्रकरणे याच क्रमाने लावली आहेत: नेटवर्क, डिस्क, तारीख, आणि मग आकड्यांची यादी. यादीपासून सुरुवात करू नका. आधी मॅक कुठल्या टप्प्यावर थांबला ते पाहा, पडद्यावरचा निरोप जसाच्या तसा कागदावर उतरवा, आणि मग ते प्रकरण उघडा. जुना मॅक विकणाऱ्यांना एक विनंती आहे. पुसण्याआधी आपल्या ॲपल आयडीतून बाहेर पडा, फर्मवेअरचा पासवर्ड काढा, संपूर्ण डिस्क पुसलीच असेल तर मॅकओएस परत टाकून देश विचारणाऱ्या पडद्यापर्यंत यंत्र आणा आणि तिथे कमांड व `Q` दाबून बंद करा. घेणाऱ्याच्या हाती चालू यंत्र जाईल आणि तुमची माहितीही त्याच्याकडे जाणार नाही.